सव्वा महिना झाला, आता भरलेला हंडा उचलायचा का? बाळंतपणानंतर ताकद परत कशी आणायची आणि वजन कसं उतरवायचं?

बाळंतपणानंतरच्या फिटनेसचे व्हीडिओ मोबाईलवर ढिगाने दिसतात. त्यात चटई असते, डंबेल्स असतात आणि बाळाला सांभाळायला कुणीतरी असतं. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या येलदरीसारख्या गावात बाळंतिणीपुढे वेगळाच प्रश्न असतो. पूर्णा नदीवरच्या मोठ्या धरणामुळे हे गाव ओळखलं जातं. पण धरण जवळ असो किंवा नसो, मराठवाड्यातल्या बहुतेक घरांमध्ये पाणी भरणं, सरपण आणणं, शेतात वाकून काम करणं ही कामं बाईच्याच वाट्याला येतात. सव्वा महिना संपला की ती पुन्हा सुरू होतात.

म्हणजे इथे 'फिट होणं' याचा अर्थ पंधरा किलोचा हंडा उचलताना लघवी न गळणं, कंबर न धरणं, अंगावर दूध पाजूनही दिवसभर थकवा न येणं आणि वाढलेलं वजन हळूहळू कमी होणं. हे कसं साधायचं, त्यासाठी काय खायचं आणि कुठे थांबायचं, हे समजून घेऊ.

सव्वा महिन्यात शरीरात काय होतं?

गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आक्रसून पूर्वीच्या आकाराच्या जवळ येतं. परंपरेतला सव्वा महिना आणि डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे यात फारसं अंतर नाही. त्यामुळे या काळातल्या विश्रांतीला चांगला आधार आहे.

पण दोन गोष्टी सव्वा महिन्यात पूर्ण बऱ्या होत नाहीत. पहिली म्हणजे पोटाच्या मधोमध असलेली पट्टी. पोटाचे दोन उभे स्नायू या पट्टीने जोडलेले असतात. गरोदरपणात ती ताणली जाते आणि दोन्ही स्नायूंमध्ये फट पडते. पहिल्या आठ आठवड्यांत ही फट बरीच भरते, पुढे मात्र तिचा वेग मंदावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे हे स्नायू असतात. बाळ योनीमार्गातून बाहेर येताना ते खूप ताणले जातात. सिझेरियन झालं असलं तरी नऊ महिने त्यांच्यावर भार पडलेलाच असतो.

या झोळीत ताकद येण्याआधीच भरलेला हंडा उचलला तर पोटातला सगळा दाब तिच्यावर येतो. त्यातून काही बायकांना खोकताना लघवी गळण्याचा त्रास सुरू होतो, तर काहींचं 'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. लाजेपोटी हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात तपासलेल्या ९२ टक्के महिलांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या महिला फक्त ८ टक्के होत्या. या आजारांची कारणं अनेक होती, पण बायका त्रास सांगत नाहीत हे त्यातून स्पष्ट दिसलं.

पहिले सहा आठवडे: व्यायाम खाटेवरूनच सुरू होतो

सुरुवात श्वासापासून होते. उताणं झोपून गुडघे वाकवायचे. श्वास घेताना पोट सैल सोडायचं. श्वास सोडताना, वारा सरण्याआधी जसं आवरून धरतो तसं खालचं अंग वर ओढायचं. सुरुवातीला तीन ते पाच सेकंद धरायचं आणि तितकाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा करायचं. नॉर्मल बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतही हे करता येतं. लघवीची नळी लावलेली असेल तर ती काढल्यावरच सुरू करायचं.

यात तीन चुका हमखास होतात. श्वास रोखला जातो, नितंब आवळले जातात किंवा वर ओढण्याऐवजी खाली जोर दिला जातो. करताना बोलता येत असेल आणि मांड्या सैल असतील तर व्यायाम बरोबर चालू आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करणं मात्र टाळावं, कारण त्यामुळे पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

दुसरा व्यायाम चालण्याचा. पहिल्या आठवड्यात अंगणातल्या पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या पुरतात. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर यायचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच करावं.

अंगावरून जाणारं रक्त हा इथे चांगला मोजमापक आहे. ते आधी लाल, मग तपकिरी आणि नंतर पिवळसर होत जातं. पिवळसर झालेलं रक्त जास्त काम झाल्यावर पुन्हा लाल आणि जास्त जायला लागलं तर शरीराला ते काम झेपलेलं नाही. अशा वेळी दोन-तीन दिवस काम कमी करायचं. तरीही ते थांबलं नाही तर दाखवायचं.

सिझेरियन झालेल्या बाईने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. खाटेवरून सरळ न उठता आधी कुशीवर वळावं आणि हातांचा आधार घेऊन उठावं.

पोट बांधल्याने चरबी जाते का?

नाही. पोटाला कापड गुंडाळल्याने कंबरेला आधार वाटतो आणि टाके असतील तर चालताना बरं वाटतं, पण त्याने चरबी वितळत नाही. फार घट्ट बांधलं तर पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि सैल झालेल्या झोळीवरच भार येतो. कापडाच्या आत सहज हात जायला हवा आणि पूर्ण श्वास घेता यायला हवा.

पोटातली फट घरीही तपासता येते. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, बेंबीच्या वर दोन बोटं आडवी ठेवायची आणि फक्त डोकं उचलायचं. मधल्या खड्ड्यात दोनपेक्षा जास्त बोटं मावली किंवा पोटाच्या मधोमध उंचवटा आला तर उठाबशा आणि पोटावर जोर येणारे व्यायाम अजून करायचे नाहीत. श्वासाचा व्यायाम चालू ठेवायचा आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

हंड्यापर्यंतची शिडी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यामुळे पाणी भरणाऱ्या बाईला वजन वाढवण्यासाठी डंबेल्सची गरज नाही, घरातली भांडी पुरतात.

सहाव्या आठवड्याची तपासणी झाली, जखम भरली आणि त्रास नसला की तीन-चार लिटरच्या भांड्यापासून सुरुवात करता येते. आठवडाभर काही तक्रार नसेल तर पुढच्या आठवड्यात दोन लिटर वाढवायचे. या गतीने अकराव्या-बाराव्या आठवड्यात चौदा-पंधरा लिटरचा हंडा येतो. सिझेरियन झालेल्या बाईने याहून आणखी चार-सहा आठवडे सावकाश जावं. हा काही सरकारी नियम नाही, स्वतःच्या शरीराकडे पाहत चढायची शिडी आहे.

उचलण्याची पद्धतही महत्त्वाची असते. भांडं अंगाजवळ घ्यायचं, कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचं, आधी खालचं अंग वर ओढायचं आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडून उचललं तर दाब थेट खाली जातो. एका कडेवर मोठा हंडा घेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान कळशा घेतल्या तर भार सारखा वाटला जातो. खेपा वाढतात, पण सुरुवातीचे काही महिने तेच बरं.

खाली जड वाटणं, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, लघवी गळणं, पोटाच्या मधोमध उंचवटा येणं किंवा टाक्यांच्या जागी ओढ बसणं, यातलं काहीही झालं तर एक पायरी खाली यायचं. संध्याकाळी जड वाटतं आणि सकाळी बरं असतं, असं अनेक जणींना होतं. दिवसभराचा भार झोळीला झेपत नसल्याची ती खूण असते. पायरी खाली येऊनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

घरात दुसरं कुणी पाणी भरणारं नसेल तर काय? मग निदान हंडा अर्धाच भरायचा आणि तो डोक्यावर चढवायला-उतरवायला कुणाची तरी मदत घ्यायची. सगळ्यात जास्त दाब उचलताना आणि उतरवताना येतो.

लाडू खूप, डाळ कमी: ताटातली खरी अडचण

दूध तयार करायला शरीराला जास्तीची ऊर्जा लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने स्तनपान करणाऱ्या आईला रोज नेहमीपेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. पुढच्या सहा महिन्यांत ही गरज ५२० च्या आसपास असते. प्रथिनं पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण १७ ग्रॅम जास्त लागतात.

आता बाळंतिणीचं ताट पाहू. डिंकाचा, मेथीचा किंवा अळिवाचा एक लाडू साधारण पन्नास ग्रॅमचा असतो. तूप, गूळ आणि खोबरं धरून त्यात २०० ते २५० कॅलरी येतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे तीन लाडू खाल्ले की वरच्या ६०० कॅलरी तिथेच पूर्ण होतात. त्यावर तुपातला शिरा असतो आणि जेवण वेगळं. याच काळात बहुतेक वेळ खाटेवर जात असल्याने शरीर ऊर्जा खर्चही कमी करतं.

दुसऱ्या बाजूला, डाळ 'वातूळ' म्हणून, पालेभाजी आणि फळं 'थंड' म्हणून आणि जास्त पाणी 'पोट सुटेल' म्हणून बंद केलं जातं. मग कॅलरी भरपूर मिळतात, पण प्रथिनं आणि लोह कमी पडतं. वजन उतरत नाही आणि अंगात ताकदही येत नाही, या दोन्ही तक्रारींचं मूळ अनेकदा याच ताटात असतं.

डाळ खाल्ल्याने आईच्या आतड्यात गॅस होऊ शकतो, पण तो गॅस दुधात उतरत नाही. पाण्याने पोट सुटत नाही, उलट कमी पाण्याने बद्धकोष्ठता होते. कुंथताना पुन्हा त्याच झोळीवर दाब येतो. दर वेळी पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवावा आणि तहान लागेल तितकं प्यावं. दूध जास्त येणं मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर अवलंबून असतं, लाडवांच्या संख्येवर नाही.

लाडू बंद करायची गरज नाही. अळिवात लोह असतं, मेथी आणि सुकामेवाही उपयोगी आहे. रोज एक लाडू पुरतो. उरलेल्या दोन लाडवांची जागा एक वाटी घट्ट वरण, एक अंडं आणि मूठभर शेंगदाण्यांना द्यायची. यातून मिळून साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत नसेल तर पेलाभर दूध किंवा वाटीभर दही घ्यावं. मासे खाणाऱ्या घरात जलाशयातले ताजे मासे हा चांगला पर्याय आहे.

भाकरी ज्वारीचीच असू द्यावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. ज्यांच्याकडे ही ज्वारी आहे त्यांनी ती बाळंतिणीसाठी वापरावी. मात्र रक्त कमी असेल तर केवळ भाकरीने ते भरून निघत नाही.

त्यासाठी सरकारी गोळ्या आहेत. बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक अॅसिडची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. या दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घेतलेली चांगली. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरून गोळी बंद करू नये, तो लोहाचाच परिणाम असतो.

वजन किती आणि किती वेगाने कमी करायचं?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईची उंची १५२ सेंटिमीटर म्हणजे साधारण पाच फूट आहे. गरोदर होण्याआधी तिचं वजन ५० किलो होतं आणि बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ६० किलो. बाळ, वार आणि पाणी गेल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटी ते ५५ वर आलं. सव्वा महिन्यानंतरही काटा ५५ वरच आहे, कारण रोज तीन लाडू चालू आहेत. तिला अजून ५ किलो उतरवायचे आहेत.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळ हिशेबाने ७,७०० कॅलरी. रोज २५० कॅलरीची तूट पडली तर महिन्याला साधारण एक किलो उतरतं. आधीच्या हिशेबात उरलेल्या दोन लाडवांच्या ४०० ते ५०० कॅलरी जातात आणि त्यांच्या जागी आलेल्या वरण, अंडं, शेंगदाण्यांतून साधारण ३५० कॅलरी येतात. म्हणजे शंभरेक कॅलरी कमी झाल्या. संध्याकाळचा तुपातला शिरा रोजऐवजी आठवड्यातून दोनदाच केला आणि रोज अर्धा तास चालणं झालं की उरलेली तूट भरून निघते. पाच-सहा महिन्यांत ती पुन्हा ५० च्या आसपास येते. जेवण कुठेच बंद झालेलं नसतं आणि भाकरीही तितकीच राहते.

याहून वेगात जाता येतं का? 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००० साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात जास्त वजनाच्या, पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आयांनी आहार थोडा कमी करून आणि व्यायाम करून आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरवलं. त्यांच्या बाळांच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. पण त्या महिला मुळात जास्त वजनाच्या होत्या. पाच-दहा किलोच उतरवायचे असलेल्या बाईने अर्धा किलो ही वरची मर्यादा समजावी, ध्येय नाही. पहिले सहा ते आठ आठवडे तर वजन मुद्दाम कमी करूच नये.

आणि सगळ्यांनाच वजन कमी करायचं नसतं. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ४३ किलोपेक्षा कमी असेल तर ती आधीच कमी वजनाची आहे. तिला लाडूही हवेत आणि वरणही.

दूध पुरतंय का हे बाळाकडे पाहून कळतं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि पहिल्या काही महिन्यांत दर महिन्याला किमान अर्धा किलो वाढत असेल तर दूध पुरेसं आहे. अंगणवाडीत वजन करून माता-बाल कार्डावरची रेघ पाहावी. ती आडवी व्हायला लागली तर आईने वजन उतरवणं थांबवून खाणं वाढवायचं आणि बाळाला दाखवायचं.

कधी थांबायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं?

काही लक्षणांना विश्रांती हा उपाय नाही. तासाभरात पूर्ण पॅड किंवा घडी भिजेल इतकं रक्त जाणं, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, असह्य डोकेदुखी किंवा अंधारी येणं, यात वाट पाहू नये. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. अशा वेळी १०८ किंवा १०२ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा जगणं नको वाटणं हाही आजारच आहे. त्यावर उपचार होतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट देतात. या भेटींत सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे असतं. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत आईनेही दोन गोष्टी सांगाव्यात: खोकताना लघवी गळते का आणि खाली जड वाटतं का. हंडा पुन्हा उचलण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशी यायला हवीत.